ईसीजी वाचन : नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी प्रश्नपेढी, स्पष्टीकरणासह

नाशिकमधील जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी, वॉर्ड पोस्टिंगच्या आधीच्या उजळणीकरिता. आधी उत्तर वहीत लिहा, मगच स्पष्टीकरण वाचा. प्रसंग काल्पनिक आहेत, पण असे पेशंट तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटतील.

प्रश्न १. कागद सेकंदाला २५ मिमी वेगाने सरकतो. एक लहान चौकोन आणि एक मोठा चौकोन म्हणजे किती वेळ?

लहान चौकोन ०.०४ सेकंद, मोठा ०.२० सेकंद. मोठ्या चौकोनाच्या एका बाजूत पाच लहान चौकोन असतात. उभ्या दिशेने १० मिमी म्हणजे १ मिलिव्होल्ट. पट्टीवर छापलेला वेग आणि कॅलिब्रेशनची खूण आधी बघायची. कुणी मशीन ५० मिमीवर ठेवून गेले असेल, तर तुमचे पुढचे सगळे गणित चुकेल.

प्रश्न २. लीड लावण्याच्या जागा व रंग लिहा.

उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा. छातीवर व्ही१ चौथ्या बरगड्यांच्या फटीत, उरोस्थीच्या उजव्या कडेला. व्ही२ तिथेच डाव्या कडेला. व्ही४ पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यावरून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ च्या मधोमध. व्ही५ आणि व्ही६ हे व्ही४ च्याच पातळीवर, अनुक्रमे काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेवर.

चौथी फट अंदाजाने शोधू नका. गळ्याखालच्या खळग्यातून बोट खाली सरकवले की उरोस्थीवर एक आडवा उंचवटा लागतो. तिथे दुसरी बरगडी जुळते, तिच्या खाली दुसरी फट, मग तिसरी, चौथी. घाईत व्ही१, व्ही२ बऱ्याचदा वर लागतात आणि नसलेला आजार कागदावर दिसू लागतो. बल्ब वापरत असाल तर जेली प्रत्येक जागी वेगळी आणि थोडीच लावा. पट्टा ओढल्यासारखी पसरली तर शेजारचे लीड एकमेकांत मिसळतात. स्त्री पेशंट असेल तर आधी पडदा ओढा, काय करणार ते सांगा, मग हात लावा.

प्रश्न ३. लीड एकमध्ये पी, क्यूआरएस आणि टी तिन्ही उलटे आहेत, एव्हीआरमध्ये सरळ आहेत. छातीचे लीड नेहमीसारखे आहेत. पहिली शंका कोणती?

दोन्ही हातांच्या लीडची अदलाबदल. हृदय उजवीकडे असते तर व्ही१ ते व्ही६ मध्ये आर लहर वाढण्याऐवजी घटत गेली असती. लीड दुरुस्त करून ईसीजी पुन्हा काढा. चुकलेला कागद फाइलला लावू नका.

प्रश्न ४. डिसेंबरची पहाट. निफाडहून आलेल्या आजींच्या ईसीजीची मूळ रेषा बारीक थरथरते आहे, पी लहर दिसत नाही. एट्रियल फिब्रिलेशन म्हणायचे का?

आत्ताच नाही. निफाडची थंडी अंगात घेऊन आलेला पेशंट कुडकुडत असतो आणि स्नायूंची थरथर रेषेवर उमटते. "आजी, थंडी वाजतेय का?" असे विचारा, पांघरूण द्या, हात सैल सोडायला सांगा, पुन्हा काढा. आर-आर अंतरे सारखी असतील तर एट्रियल फिब्रिलेशनची शक्यता फार कमी. अंतरे कशीही कमीजास्त असतील आणि नव्या कागदावरही पी नसेल, तर मात्र डॉक्टरांना कळवा.

प्रश्न ५. गती काढा : (अ) ताल नियमित, दोन आरमध्ये १९ लहान चौकोन. (ब) ताल अनियमित, ३० मोठ्या चौकोनांत ११ क्यूआरएस.

(अ) १५०० ÷ १९, म्हणजे मिनिटाला सुमारे ७९.
(ब) ३० मोठे चौकोन म्हणजे ६ सेकंद; ११ × १० = ११०.

३०० भागिले मोठे चौकोन ही पद्धत झटपट आहे, पण फक्त नियमित तालाला. अनियमित तालात कोणती दोन ठोके धरलीत त्यावर उत्तर बदलते. शिवाय एट्रियल फिब्रिलेशनमध्ये मनगटाची नाडी ईसीजीपेक्षा कमी भरू शकते, म्हणून छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट मोजा.

प्रश्न ६. पीआर अंतर ७ लहान चौकोन, प्रत्येक पीमागे क्यूआरएस. निदान?

०.२८ सेकंद. सामान्य मर्यादा ०.१२ ते ०.२० सेकंद, म्हणून फर्स्ट डिग्री हार्ट ब्लॉक. औषधांचा तक्ता बघा : मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन यांनी हे अंतर वाढते. पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न ७. सातपूरच्या कारखान्यातला ५२ वर्षांचा कामगार, छातीत दाब, दरदरून घाम. लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी २ मिमी वर. बीपी ९०/६०. नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, जिभेखालची गोळी देऊ का?" काय कराल?

या प्रश्नावर जास्त वेळ द्या. हे तीन लीड हृदयाची खालची बाजू दाखवतात. शेजारच्या दोन लीडमध्ये इथे १ मिमी वाढसुद्धा महत्त्वाची. हा इन्फिरिअर एमआय. एक आणि एव्हीएलमध्ये एसटी खाली गेली असेल तर शंका आणखी पक्की होते.

गोळी थांबवा. अशा झटक्यात उजवे व्हेंट्रिकलही सापडलेले असू शकते. ते परत येणाऱ्या रक्ताच्या भरण्यावर चालते. सॉर्बिट्रेटने शिरा सैल होऊन भरणा घटतो आणि आधीच उतरलेले बीपी कोसळते. नातेवाइकांना शांतपणे सांगा : "बीपी कमी आहे, या गोळीने आणखी उतरेल. डॉक्टर येताहेत."

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत निघून डॉक्टरांच्या नजरेखालून जायला हवा. मॉनिटर लावा, शिरेत सुई लावून ठेवा, डिफिब्रिलेटर जवळ आणा. व्ही४ चा इलेक्ट्रोड उजव्या बाजूला त्याच जागी लावून आणखी एक ईसीजी काढा आणि कागदावर 'उजवा व्ही४' असे हाताने लिहा. फोनवर असे बोला :

"सर, कॅज्युअल्टीतून बोलतेय. ५२ वर्षांचे पुरुष, तासाभरापासून छातीत दाब. दोन, तीन, एव्हीएफमध्ये एसटी २ मिमी वर आहे. बीपी ९०/६०, नाडी ५४. नायट्रेट दिलेले नाही. उजव्या बाजूचा ईसीजी काढतेय. आपण लगेच या."

"ईसीजी जरा खराब वाटतोय" एवढ्यावर समोरचा माणूस काहीच ठरवू शकत नाही.

प्रश्न ८. पंचवटीतल्या बाई, दोन डायलिसिस चुकलेत. टी लहरी उंच, टोकदार, तळाशी अरुंद, क्यूआरएस रुंद. कारण काय?

रक्तात पोटॅशियम वाढले आहे. आधी टी टोकदार होते, मग पीआर लांबतो, पी सपाट होते, क्यूआरएस पसरतो. क्यूआरएस पसरला की हृदय थांबण्याचा धोका जवळ आला, लॅबच्या आकड्यासाठी थांबू नका, डॉक्टरांना बोलवा. कॅल्शियम ग्लुकोनेट हृदयाला संरक्षण देते, पोटॅशियम कमी करत नाही. ते पेशींत ढकलायला इन्सुलिन आणि ग्लुकोज, बाहेर काढायला डायलिसिस. कॅल्शियम आणि सोडा बायकार्ब एकाच लाइनमधून एकत्र देऊ नका, साका होतो.

प्रश्न ९. यांपैकी शॉक कशाला द्यायचा : व्हीएफ, नाडी नसलेली व्हीटी, असिस्टोल, पीईए?

पहिल्या दोघांना. उरलेल्या दोघांत सीपीआर आणि अॅड्रेनलिन, सोबत कारणाचा शोध.

प्रश्न १०. मॉनिटरवर (अ) वेडीवाकडी रेषा, (ब) सरळ रेषा. पहिली कृती कोणती?

दोन्हीकडे पेशंटकडे बघा, हाक मारा. (अ) मध्ये ते दात घासत तुमच्याशी बोलत असतील तर तो व्हीएफ नव्हे. व्हीएफमध्ये माणूस काही सेकंदांतच बेशुद्ध पडतो. (ब) मध्ये प्रतिसाद असेल तर सुटलेला लीड शोधा. प्रतिसाद नसेल तर मदतीला हाक मारा आणि श्वास व मानेची नाडी एकदम तपासा, १० सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाडी नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. लीड सुटला आहे का, गेन कमी झालाय का, हे दुसऱ्या सिस्टरने बघावे.