स्टॉक मोजणी, रविवार ३० ऑगस्ट २०२६ (चवथीच्या आधीची)

वैनी, आज मागची खोली नि फडताळं दोन्ही मोजली, डबे काट्यावर ठेवून, अंदाजपंचे काही नाही. चवथ १४ सप्टेंबरला, तेव्हा नेवऱ्यांचं सामान आधी बघ, बाकीचं सावकाश.

नेवऱ्या. ऑर्डर आजपर्यंत ४५ पाकिटं, दहाचं एक, म्हणजे ४५० नग. फुटतात, कडा उघडते, म्हणून ५०० धरल्यात आणि आता नवीन ऑर्डर घेऊ नकोस, कोणी कितीही गोड बोललं तरी. आपलं माप १०० नगांना मैदा १ किलो, सुकं खोबरं ५०० ग्रॅम, पिठीसाखर ४५० ग्रॅम, खसखस २५ ग्रॅम, तेल पितात ७०० मिली.
मैदा: लागणार ५ किलो, आहे २.२ (१८ ऑगस्टला फोडलेला, चाळून बघितला, किडा नाही). आणायचा ३ किलो.
सुकं खोबरं: डब्यात ६०० ग्रॅम आहे पण धरू नकोस. वाटीची आतली बाजू पिवळट झालीय नि जिभेवर ठेवलं की खवट लागतं, टाकून दिलं. नवीन पूर्ण २.५ किलो, शुक्रवारी ४ तारखेला म्हापशाच्या बाजारात जाशील तेव्हा वाटी फोडून चाखूनच घे.
साखर: ४.५ किलो आहे, लागणार २.२५, मागवायची नाही.
तेल: ६ लिटर आहे, पिणार साडेतीन आणि शेवटच्या घाण्यालाही कढईत ३ लिटर तरी राहायला हवं, म्हणजे साडेसहा होतं. ५ लिटरचा एक कॅन घे.
खसखस: १८० ग्रॅम. नेवऱ्यांना १२५, पुढच्या मसाल्याला १००, म्हणजे ४५ कमी पडते, १०० ग्रॅम घेऊन ठेव, महाग आहे म्हणून जास्त नको.
तळायचं ९ आणि १० ला, बॅच ने-१ नि ने-२, दोन्हींची तारीख वेगळी लिही. एकच शिक्का मारून मोकळं व्हायचं नाही, तक्रार आली तर कुठल्या दिवसाची ते कळायला हवं.

शागुती मसाला. बॅच शा-७, ९ ऑगस्टला दळून आणला, १०० ग्रॅमची ४० पाकिटं. विकली १५, चव बघायला दुकानात दिलं १, शिल्लक २४. बेस्ट बिफोर ८ फेब्रुवारी २०२७. आता हे १५ बघून मागणी पडली असं समजू नकोस, श्रावण चाललाय, लोक शिवराक जेवतात, मसाला कोण घेणार! विसर्जन झालं की आठवड्याला १२ तरी उठतात, म्हणून रिऑर्डरचा हिशोब त्या १२ वरच केलाय. २४ पाकिटं दोन आठवडे पुरतील, शा-८ चवथ उरकली की लगेच दळायचा.
हरमलची मिरची मे महिन्यात पुरुमेंताला १० किलो घेतली होती, उरली ३.२. एका बॅचला १.२ लागते, म्हणजे दोन बॅचा होऊन ८०० ग्रॅम राहील. नवीन मिरची उन्हाळ्याशिवाय नाही, घरात आमटीला ती काढायची नाही, घरासाठी ब्याडगी वेगळ्या बरणीत ठेवलीय. पावसात दमट झालीय, दळायच्या आधी मंद आचेवर कोरडी करून घे.
पाऊच ६० आहेत. छापणारा दोन आठवडे लावतो, म्हणजे १२ गुणिले २ आणि वर १२ जादा, ३६ वर आलं की मागवायचे हा नियम. शा-८ ला ४० गेले की २० च उरतात, म्हणून आताच १०० सांग. त्यावर आपला परवाना नंबर आणि हिरवा ठिपका आहे ना ते प्रूफ बघून घे.

आगळ. बॅच आ-३, १७ मे, अर्ध्या लिटरच्या ६० बाटल्या. विकल्या ३६, घरात संपवल्या ४ (सोलकढी रोज हवी म्हणे सगळ्यांना), झाकणातून गळून गेली १, उरल्या १९. नवीन कोकम पुढच्या उन्हाळ्यातच, तेव्हा रिऑर्डर नाही, ८ बाटल्या कायमच्या गिऱ्हाइकांसाठी बाजूला काढून मागे ठेवल्यात, त्यांना हात लावू नकोस.

तोरांचं लोणचं. तो-२, २६ एप्रिल, ४८ बरण्या, विकल्या ३५, भेट दिल्या २, उरल्या ११. तीन बरण्यांत तेल फोडींच्या खाली गेलंय, वरची फोड उघडी पडलीय, बुरशी नाही अजून. तेल गरम करून पूर्ण थंड केलं की फोडी बुडतील इतकं ओत, आणि त्या तीन आधी विक. बाकी नेहमीप्रमाणे जुनी तारीख पुढे, नवी मागे.

सिलिंडर एक लागलेला, एक भरलेला. तळणीच्या दोन दिवसांत एक तरी संपतो, म्हणून ७ ला बुकिंग कर. पुढची मोजणी विसर्जनानंतरच्या रविवारी, तेव्हा रिकाम्या बाटल्या नि बरण्याही मोजूया, आज तेवढ्या राहिल्या.