विश्लेषण आराखडा: नववीतील अभ्यासप्रेरणा, ग्रामीण यवतमाळ

प्रश्न १. मुलामुलींच्या प्रेरणेत फरक आहे का? २४० प्रश्नावल्या. आधी क्रॉनबाख अल्फा, मग स्वतंत्र टी-चाचणी.

प्रश्न २. कापूस वेचणीच्या दिवसांतली गैरहजेरी आणि प्रेरणा यांचा संबंध काय? बहुचल प्रतिगमन, शाळा हा स्थिर घटक धरून. सहाच शाळांवर बहुस्तरीय प्रतिमान उभे करणे धाडसाचे ठरेल. एकाच वेळची माहिती असल्याने कार्यकारणाचा दावा नाही.

प्रश्न ३. शिकावेसे का वाटते, हे मुले कसे सांगतात? १८ मुलाखतींचे आशयसूत्र विश्लेषण. वऱ्हाडी बोलणे प्रमाण मराठीत न बदलता दोघे स्वतंत्रपणे संकेतन करतील; मतभेद चर्चेने सोडवू.

प्रश्न ४. आकडे आणि बोलणे जुळते का? संयुक्त तक्ता. प्रेरणागुण जास्त, तरी हजेरी कमी, अशा मुलांच्या मुलाखती आधी वाचायच्या.