दुर्गराज रायगड : पावसाळी आपत्ती पूर्वतयारी आराखडा २०२६

लागू कालावधी : १ जून ते १५ ऑक्टोबर २०२६
कार्यक्षेत्र : चित्त दरवाजा ते माथा हा पायरीमार्ग, रोपवेची दोन्ही स्थानके, गडमाथा, पाचाड, हिरकणीवाडी आणि महाड–पाचाड रस्ता

१. धोका नेमका कुठे आहे

रायगडाला पुराचा धोका म्हटले की ऐकणारा हसतो. आठशे मीटर उंचीच्या डोंगराला पूर कसला? पण जुलै २०२४ मध्ये पायरीमार्गावरून धबधब्यासारखे पाणी आले आणि पर्यटक त्यात अडकले. माथ्यावरचे पाणी उतारावर आले की त्याला सर्वात सोपी वाट सापडते ती पायऱ्यांची. चौदाशेहून अधिक पायऱ्यांचा हा मार्ग अशा वेळी वाट राहत नाही, ओढा होतो.

दुसरा पूर खाली, महाडमध्ये. सावित्री, गांधारी आणि काळ नद्यांचे पाणी शहरात शिरले आणि त्याच वेळी बाणकोटच्या खाडीला भरती असली, तर पाणी उतरायला वेळ लागतो. तोवर पाचाडचा रस्ता तुटलेला असतो. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळियेवर दरड कोसळली, तेव्हा मदत पोहोचायला झालेल्या उशिराचे एक कारण पुराने अडलेले रस्ते हेच होते. म्हणून या आराखड्याचे पहिले गृहीतक असे : पहिले चोवीस तास महाडहून कोणीही येणार नाही. जे करायचे ते पाचाड आणि गडावरच्या माणसांनीच करायचे आहे.

तिसरा धोका दरडीचा. काळ्या कातळावर मातीचा आणि मुरमाचा थर आहे. सलग पावसात तो पाणी पिऊन जड होतो आणि कातळावरून सुटतो.

२. गड बंद करण्याचा अधिकार

मागच्या काही पावसाळ्यांत खरा घोळ इथेच झाला. पायथ्यावरचा माणूस वर विचारत राहिला, वरचा तालुक्याला, तालुका जिल्ह्याला. तेवढ्यात आणखी दोनशे माणसे चढली. यंदा तसे होणार नाही. चित्त दरवाजाजवळ दररोज सकाळी ६ ते सायंकाळी ६ एक ‘पायथा प्रमुख’ असेल. गड बंद करण्यासाठी त्याला कोणाचीही परवानगी लागणार नाही. आधी बंद करायचा, मग कळवायचे. उघडण्यासाठी मात्र तहसीलदारांची आणि पुरातत्त्व विभागाच्या संरक्षण सहायकाची संमती लागेल. विनाकारण बंद केला म्हणून त्याच्यावर ठपका ठेवला जाणार नाही, हे बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवले आहे.

हवामान विभागाचा लाल इशारा असेल त्या दिवशी गड उघडणारच नाही, ऊन पडले तरी. नारिंगी इशाऱ्याला पायरीमार्ग बंद राहील. रोपवे वाऱ्याचा वेग पाहून चालेल आणि दुपारी २ नंतर कोणाला वर नेणार नाही. इशारा नसताना पाचाडच्या पर्जन्यमापकावर तासाभरात ३० मिलिमीटर किंवा सकाळपासून ११५ मिलिमीटर पाऊस भरला, तर चढाई थांबवायची. इशारा जिल्ह्यासाठी असतो, ढग मात्र एखाद्याच डोंगरावर फुटतो. म्हणून मापक दर तासाला वाचायचा.

चढणाऱ्या प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला, उतरताना तो परत. संध्याकाळी बिल्ले कमी भरले तर वर किती माणसे आहेत ते अंदाजाने सांगावे लागणार नाही.

६ जूनच्या राज्याभिषेक सोहळ्याची तयारी सर्वांना पाठ आहे. यंदा अधिक ज्येष्ठ असल्याने तिथीचा सोहळा जूनच्या अखेरीस, म्हणजे पाऊस अंगात आल्यावर पडतो. त्या गर्दीसाठी वेगळी संख्यामर्यादा १० जूनपूर्वी ठरवावी. ती ठरवणे लोकप्रिय नसेल, तरी ठरवावी.

३. माणसे अडकली तर

माथ्यावर असलेल्यांनी माथ्यावरच थांबायचे. भीतीपोटी उतरण्याची घाई हीच सर्वात घातक. निवासाच्या खोल्या आणि रोपवेचे वरचे स्थानक हे आसरे. तिथे दोनशे माणसांना दोन दिवस पुरेल इतके पाणी, कोरडा शिधा, चादरी, विजेऱ्या आणि प्रथमोपचार पेट्या ३१ मेपर्यंत पोहोचवाव्यात. तटाच्या आडोशाला, महादरवाजाच्या बुरुजांखाली किंवा कड्याच्या कपारीत कोणालाही थांबू देऊ नये.

पायरीमार्गावर पाच थांबे मे महिन्यात प्रत्यक्ष चालून निवडले आहेत : पाण्याच्या वाटेबाहेर आणि सुट्या दगडांच्या रेषेपासून दूर. तिथे काढता येतील असे फलक बांधावेत. दगडावर रंग फासू नये, हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते. प्रत्येक थांब्यावर दोर आणि शिट्टी; तीन लांब शिट्ट्या म्हणजे ‘आहात तिथे थांबा’. मोबाइलवर विसंबू नये, वॉकीटॉकीचे चार संच ठेवावेत.

गडावरच्या धनगर कुटुंबांना यातले पुष्कळ आपल्याहून आधी कळते. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, जुना झरा आटला, नवा फुटला, जमिनीला भेग पडली, झाड कलले, तर त्यांनी थेट पायथा प्रमुखाला सांगावे; त्याने ती बातमी वहीत लिहून त्या बाजूची वाट तत्काळ बंद करावी. या कुटुंबांतील गरोदर बायका आणि आजारी माणसांची पाचाडात राहण्याची सोय जूनच्या पहिल्या आठवड्यात करावी. गुरे मागे सोडून कोणी उतरणार नाही, तेव्हा गुरांच्या चाऱ्याचा विचारही त्याच यादीत हवा.

संपर्क : आणीबाणी ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७.

४. वास्तूंची काळजी

पावसाआधीचे सर्वात मोलाचे काम सर्वात साधे आहे : गंगासागर आणि हत्ती तलावाचे सांडवे, बाजारपेठेतील आणि राजवाड्याच्या भागातील जुने पाणमार्ग मोकळे करणे. बांधणाऱ्यांनी पाणी कुठून जावे ते ठरवून ठेवले होते. आपण त्यात प्लास्टिकच्या बाटल्या भरल्या. तटातील निचऱ्याची छिद्रे सळईने नव्हे, बांबूच्या काडीने साफ करावीत. पिंपळ-उंबराची रोपे उपटू नयेत, मुळांबरोबर दगड निघतो. कापावीत आणि मुळांचे काम संरक्षण सहायकावर सोडावे. भेगांवर काचपट्ट्या बसवून दर सोमवारी पाहाव्यात. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे.

दरड किंवा तटाची पडझड झाल्यावर माणसाचा जीव अडकला असेल तरच यंत्र लावावे. एरवी जेसीबी आणू नये. पडलेला घडीव दगड म्हणजे राडारोडा नव्हे. त्याचे छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी, खडूने क्रमांक द्यावा आणि तो तिथेच ठेवावा. तात्पुरता आधार वाळूच्या गोण्यांचा किंवा लाकडी टेकूंचा. सिमेंट वापरू नये : ते पाणी भिंतीत कोंडते आणि पुढच्या पावसात शेजारचा दगड सुटतो. दुरुस्ती चुन्यातच आणि पुरातत्त्व विभागाकडूनच होईल. गड केंद्र संरक्षित स्मारक आहे, शिवाय २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे.

पाण्याने नाणे, खापर, तोफगोळा उघडा पडला तर उचलू नये. जागा झाकून कळवावे.

५. सराव आणि नोंद

पहिली रंगीत तालीम २८ मे रोजी, भर दुपारी. दुसरी जुलैत, पाऊस चालू असताना. कोरड्या पायऱ्यांवर स्ट्रेचर खाली आणणे आणि ओल्यांवर आणणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या तालमीत लागलेला वेळ वहीत लिहावा आणि थांब्यांवरील माणसांची संख्या त्यानुसार वाढवावी. वही पायथ्याच्या चौकीत राहील, घरी न्यायची नाही.