कोठाराची किल्ली
(मुलांच्या कार्यक्रमासाठी श्राव्य गोष्ट. आवाज : मावशी, गौरी, चिनू, दामाजीपंत, मुजुमदार, बादशहा, विठू)

(एकतारी. हळूहळू मागे जाते.)

मावशी : नमस्कार बाळांनो! सोलापूर, बार्शी, माढा, अक्कलकोट, जिथं कुठं रेडिओ लावून बसला असाल तिथं जरा जवळ सरका. चिनू, हुरडा खाल्लास का यंदा?

चिनू : खाल्ला की! मंगळवेढ्याच्या मामाकडं.

मावशी : त्याच मंगळवेढ्याची गोष्ट आहे. पाचशेहून जास्त वर्षांपूर्वीची. काळी कसदार जमीन, थंडीतल्या दवावर पोसणारी ज्वारी. तिथं बिदरच्या बादशहाचे अंमलदार होते दामाजीपंत. सरकारी कोठारांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला.

(किल्ल्यांचा खुळखुळाट. मग कोरडा वारा.)

मावशी : आणि मग पाऊस गेला. एक वर्ष नाही, पुढंही नाही. विहिरी आटल्या, चुली विझल्या.

गौरी : मग लोक काय खायचे?

मावशी : झाडाचा पाला. तोही संपला. एके दिवशी पंढरपूरचा एक भुकेला माणूस दामाजींच्या घरी आला. त्याला पान वाढलं. पहिला घास हातात घेतला आणि तो रडायलाच लागला.

चिनू : जेवण समोर असताना?

मावशी : घरी बायको-पोरं उपाशी होती रे त्याची. दामाजींनी त्याला धान्य देऊन पाठवलं. पण वाटेत भुकेल्या लोकांनी पोतीच लुटली! दुसऱ्या दिवशी दामाजींच्या दारात ही गर्दी.

(गर्दीचा आवाज : "भाकर द्या हो पंत! लेकरं मरायला लागली!")

मुजुमदार : (घाबरून) पंत, किल्लीला हात लावू नका! धान्य बादशहाचं आहे. डोकं उडवेल तो!

(शांतता. फक्त एका तान्ह्या मुलाचं रडणं.)

दामाजीपंत : डोकं माझंच उडेल ना? मग उडू दे.

(कुलूप... खट्! जड दार करकरत उघडतं. धान्य ओतल्याचा सळसळाट.)

मावशी : एक कोठार उघडलं. मग दुसरं. ज्याच्या पदरात जेवढं मावेल तेवढं त्यानं न्यावं. अख्खा मुलूख जगला! मला या गोष्टीत सगळ्यात मोठा पराक्रम हाच वाटतो. तलवार न उचलता केलेला.

गौरी : आणि बादशहा?

मावशी : मुजुमदारानं चुगली केली. आणि एका पहाटे...

(घोड्यांच्या टापा. लांबून जवळ. एकदम थांबतात.)

मावशी : दामाजींना पकडून बिदरला नेऊ लागले. वाटेत त्यांनी शिपायांना एकच विनवणी केली, पंढरपूरला विठोबाचं दर्शन घेऊ द्या. राउळात गेले. स्वतःचा जीव वाचव असं मागितलं नाही. डोळे भरून पाहिलं आणि निघाले. इकडं बिदरच्या दरबारात मात्र...

(काठीची ठकठक. दरबारी कुजबुज.)

बादशहा : कोण रे तू? घोंगडी पांघरून थेट दरबारात?

विठू : जोहार मायबाप! मी विठू. मंगळवेढ्याहून आलोय. दामाजीपंतांनी धान्याचे पैसे धाडलेत.

(मोहरा पडतात : खळ्... खळ्... खळखळखळ...)

चिनू : एवढ्याशा थैलीतनं एवढ्या?

मावशी : ओततोय, ओततोय, थैली रिकामीच होईना! सगळा हिशोब चुकता झाला. विठूनं शिक्क्याची पावती मागून घेतली आणि दिसेनासा झाला. थोड्याच वेळात बेड्या घातलेले दामाजी दरबारात आले.

(बेड्यांचा आवाज.)

बादशहा : अरे, काढा त्या बेड्या! दामाजी, पैसे पोचले. पण तुमचा तो विठू कुठं आहे? मला त्याला पुन्हा बघायचंय.

दामाजीपंत : विठू? खाविंद, मी तर कुणालाच धाडलं नाही...

मावशी : दामाजींनी रोजच्या वाचनातली गीतेची पोथी उघडली. आणि पानांत काय असेल?

गौरी : पावती!

मावशी : पावती! बादशहाच्या शिक्क्याची. दामाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कथेत सांगतात, तो विठू म्हणजे पंढरीचा विठोबाच. आणि रूप कुणाचं घेतलं त्यानं? राजाचं नाही, सरदाराचं नाही. त्या काळी ज्यांना लोक वेशीबाहेर ठेवायचे, त्या महाराचं. अन्याय होता तो, बाळांनो. म्हणून मला हा विठू फार आवडतो.

चिनू : मग दामाजी परत अंमलदार झाले?

मावशी : नाही रे. देवाला माझ्यासाठी एवढी पायपीट करावी लागली, म्हणाले, आणि चाकरी सोडून विठ्ठलाच्या भजनात रमले. मंगळवेढ्यात त्यांचं देऊळ आहे. मामाकडं गेलास की जाऊन ये.

(एकतारी, टाळ. "विठ्ठल विठ्ठल"चा गजर वाढत जातो.)