उतरंड

आजीच्या उतरंडीत कुळीथ, कण्या, आमसुलं असत. मधल्या एका मडक्यात गिरणीचा भोंगा होता. झाकण सरकलं की तो वाजायचा, आणि आजोबा झोपेतच चप्पल शोधायला लागायचे. १९८२च्या संपानंतर ते लालबागची खोली सोडून राजापूरला आले, एवढंच आम्हाला ठाऊक. थोरल्या काकांचा तर विषयच निघत नसे.

"सगळ्यात खालच्यात काय गं, आजी?"

"मीठ."

मीठच होतं म्हणा. पण दर जानेवारीत ते मडकं पाझरायचं आणि आजी मुकाट्याने फडकं लावायची.

नव्या काकूला हे कोण सांगणार? आमटी अळणी झाली म्हणून तिने भर पंगतीत उतरंड उतरवली. मडक्यातून कापसाचे तंतू उडाले, भातावर, आजोबांच्या मिशीवर बसले. पाठोपाठ काकांचा खोकला आला आणि त्यांचा विशीतला आवाज: "बाबा, मी उद्यापासून कामावर जातोय. संप मोडला म्हणा हवं तर."

आजोबांनी मिशीवरचा तंतू चिमटीत धरला.

"जेवला काय तो?"

"चाळीस वर्षांनी विचारताय!" आजी कडाडली. "पान मांडू की नको, तेवढं सांगा. भात निवतोय."