घरचे वर्ष २०२६ : म्हार्दोळ – स्विंडन

दादा, वहिनी, सई, ओम आणि आई. सगळ्यांनी हेच पान बघायचे. बदल करायचा असेल तर तारखेखाली आपले नाव घालून लिहा, आधीचे पुसू नका. शाळेच्या तारखा वहिनींनी पाठवलेल्या पत्रकातल्या आहेत, तिथींच्या मी पंचांगातून घेतल्या. (आत्या, फोंडा, ५ जानेवारी)

आधी चवथीचे

यंदा चवथ सोमवारी, १४ सप्टेंबरला. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला होती म्हणून तुम्ही चौघेही आलात. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो आणि त्यापुढचे सगळे सण लांबतात. सईची माध्यमिक शाळा नेमकी तेव्हाच सुरू होते. शाळेच्या परवानगीशिवाय पाच दिवस शाळा बुडाली तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. म्हणजे तुम्हाला कमीत कमी ३२०. पण पैशांपेक्षा मला सईचे वाटते. नव्या शाळेत पहिल्या पंधरवड्यात मैत्रिणी होतात, तेव्हा तिने तिथेच असावे. म्हणून ठरवले ते असे: चवथीला दादा एकटा येईल, मुले आणि वहिनी पावसात येतील.

जानेवारी – मार्च

आईच्या व्हिसाचा अर्ज याच महिन्यात. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, तेव्हा उशीर नको. बोटांचे ठसे द्यायला मी तिला घेऊन जाईन. १९ मार्चला पाडवा. गुढी घरी उभारूनच ती निघणार, यावर तिची तडजोड नाही.

२८ मार्च – १६ मे : आई तुमच्याकडे

ईस्टरची सुट्टी ३० मार्च ते १० एप्रिल, तेवढे दिवस मुले तिचीच. ११ ते १४ मे सईच्या परीक्षा. तुम्ही दोघे कामावर असताना सकाळी घरात आजी असेल, हे मला फार बरे वाटते. १६ला परत, म्हणजे पावसाआधी कौले चाळून घेता येतील. वहिनी, तिच्या गोळ्या तीन महिन्यांच्या देते, चिठ्ठी पर्समध्येच ठेवा.

२९ मार्चला तुमची घड्याळे पुढे जातात. तेव्हापासून आपल्यात साडेचार तासांचा फरक.

२३ जुलै – २२ ऑगस्ट : वहिनी, सई, ओम गोव्यात

शाळा २२ला बंद होते, २४ला तुम्ही पोचाल. २५ला आषाढी एकादशी, घरात उपास. २६ला, रविवारी, माशेलला चिखलकालो. ओमला जुने कपडे द्या, देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या चिखलात तो लोळणारच आणि त्याला लोळू द्यायचे.

७ ऑगस्टपर्यंत म्हार्दोळ. ८ ते १५ साखळी, वहिनींच्या माहेरी. गेल्या खेपेला त्यांच्या वाट्याला दोनच दिवस आले होते, ते आमचे चुकले. यंदा हा आठवडा कोणी मोडायचा नाही, मीसुद्धा नाही.

१६ला श्रावणातला पहिला आयतार, १७ला नागपंचमी. दोन्ही दिवस आईच्या चुलीशी. सईला पातोळ्या शिकायच्या आहेत. हळदीचे पान परसातले. त्यावर तांदळाचे पीठ पातळ पसरायचे, मधोमध चून घालायचे आणि पान शिरेवर दुमडायचे. तिचे बोट जड आहे, पीठ जाड राहते. आई हात धरून दाखवील.

रक्षाबंधन २८ला, तेव्हा तुम्ही परतलेले असाल. दादाची राखी वहिनींच्या बॅगेत देते.

१२ – २० सप्टेंबर : दादा म्हार्दोळला

गणपती पाच दिवसांचा, १८ला विसर्जन. माटोळी १३ला संध्याकाळी बांधायची. गेल्या वर्षी ओम स्टुलावर चढून आंबाडे वर देत होता, तोरंजन त्याच्या दोन हातांत मावत नव्हते. यंदा प्रत्येक फळ बांधताना दादा त्याला फोनवर दाखवील आणि नाव तो सांगेल.

पूजा साडेअकराला, म्हणजे तुमच्याकडे सकाळचे सात. मुले शाळेला जाण्याआधी आरतीत असतील. घुमट वाजताना फोन जवळ धरू नका, आवाज फाटतो.

परतताना दादाच्या बॅगेत दिवाळीचे गावठी पोहे, दोन किलो.

ऑक्टोबर – नोव्हेंबर

दसरा २०ला. २६ ते ३० शाळेला सुट्टी, प्रवास नाही. २५पासून फरक साडेपाच तासांचा. नरकचतुर्दशी ८ नोव्हेंबरला, रविवारी. आमच्याकडे पहाटे पाचला नरकासुर जाळतात, तेव्हा तुमच्याकडे शनिवारचे रात्रीचे साडेअकरा. एक रात्र जागू द्या मुलांना. भाऊबीज ११ला, फोनवर.

डिसेंबर

नाताळात तिकिटे महाग, कोणी येत नाही.

पुढचे

२०२७ची चवथ ४ सप्टेंबरला, शनिवारी. शाळा कधी उघडते ते कळले की वहिनी इथे लिहितील. २०२८ला ती २३ ऑगस्टला, सुट्टीत. ते वर्ष सगळ्यांचे.

दादा, सप्टेंबरच्या रजेचा अर्ज ३१ जानेवारीच्या आत दे आणि दिलास की इथे लिही. आई रोज विचारते.