कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याबाबत अर्ज

दि. 3 मार्च 2025

प्रति,
मा. कोषागार अधिकारी,
जिल्हा कोषागार कार्यालय, सांगली

अर्जदार : श्रीमती शालन महादेव पाटील, वय 67, रा. सावळज, ता. तासगाव, जि. सांगली

महोदय,

माझे पती महादेव ज्ञानू पाटील हे जलसंपदा विभागातून कालवा निरीक्षक म्हणून 31 मे 2011 रोजी सेवानिवृत्त झाले. त्यांचे निवृत्तिवेतन आपल्या कोषागारातून मिळत होते. मिरजेच्या दवाखान्यात 14 जानेवारी 2025 रोजी त्यांचे निधन झाले. मृत्यू मिरजेत झाल्यामुळे त्याची नोंद ग्रामपंचायतीत नसून महानगरपालिकेत आहे, म्हणून दाखला तिथला जोडला आहे.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधील नियम 116 नुसार मला 15 जानेवारीपासून कुटुंब निवृत्तिवेतन व त्यावरील महागाई वाढ मंजूर व्हावी, ही विनंती. पीपीओमध्ये पत्नी म्हणून माझे नाव आहे आणि दोघांचा एकत्र फोटोही आहे.

नावाचा घोळ आधीच सांगते. पीपीओवर व मतदान ओळखपत्रावर ‘शालन’, तर आधार, पॅन व पासबुकावर ‘शालिनी’ आहे. दोन्ही मीच. नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र व गावातील दोन प्रतिष्ठितांचे ओळखपत्रक जोडले आहे. एवढ्यावर भागत नसेल तर नेमके काय हवे ते लेखी कळवावे. गुडघ्यांमुळे सावळजहून सांगलीला वारंवार येणे जमत नाही. ओळख पटवण्यासाठी एकदा मात्र मी स्वतः हजर राहीन.

जानेवारीचे पूर्ण महिन्याचे निवृत्तिवेतन पतींच्या खात्यात जमा झाले आहे. मृत्यूची माहिती बँकेला दिली असून ती रक्कम आम्ही काढलेली नाही. 14 तारखेनंतरची जादा रक्कम परत घ्यावी किंवा माझ्या थकबाकीतून वळती करावी. तसे हमीपत्र दिले आहे.

मी कधी नोकरी केलेली नाही, दुसरे निवृत्तिवेतन मला मिळत नाही. मुलगा व मुलगी दोघेही विवाहित असून त्यांची हरकत नाही. पुनर्विवाह केलेला नसल्याचे प्रमाणपत्रही भरले आहे. या वयात ते लिहून देताना अवघडले, पण नमुन्यात आहे म्हणून दिले.

सोबत : विहित नमुन्यातील अर्ज, पतींकडील मूळ पीपीओ, मूळ मृत्यू दाखला, आधार, पॅन व मतदान ओळखपत्राच्या साक्षांकित प्रती, माझ्या स्वतंत्र खात्याच्या पासबुकाची प्रत व रद्द केलेला धनादेश, फोटो, नमुना सह्या व अंगठ्याचे ठसे, हयातीचा दाखला, वर सांगितलेले प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रक, हमीपत्र व पुनर्विवाहाबाबतचे प्रमाणपत्र.

मूळ पीपीओ जमा करत असल्यामुळे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच व आवक क्रमांक द्यावा.

आपली विश्वासू,
शालन महादेव पाटील
(आधारवरील नाव : शालिनी महादेव पाटील)